गॅस नंतर भरा, आधी चार नट तपासा

नांदेड आणि लातूर शहरांत ज्यांच्या घरी, दवाखान्यात, अभ्यासिकेत, लॉजवर किंवा दुकानात स्प्लिट एसी आहे, त्या सगळ्यांना ही कळकळीची विनंती. यंदा एसी गार करत नसेल आणि आलेला मेकॅनिक लगेच ‘गॅस संपलाय, भरून टाकू’ म्हणाला, तर त्याला तिथेच थांबवा. गॅस भरायचा तो नंतर. तांब्याच्या नळ्या जिथे नटांनी जोडल्या आहेत, त्या चारही जागी आधी साबणाचं पाणी लावून दाखवायला सांगा. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा त्याच वाटेनं बाहेर जाणार आहे, आणि पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही पुन्हा त्याच मेकॅनिकला फोन करणार आहात.

एसीतला गॅस वापरून संपत नाही. तो जळत नाही, झिजत नाही. बंद नळ्यांमधून आतल्या आणि बाहेरच्या युनिटमध्ये फिरत राहतो. बाहेरच्या युनिटच्या अंगावर एक पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर गॅसचं नाव आणि ग्रॅममध्ये वजन छापलेलं असतं. दहा वर्षांनीही जवळपास तेवढंच वजन आत असायला हवं. ते कमी झालं याचा अर्थ एकच, कुठेतरी फट आहे. ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ हे आपल्याकडे इतकं रुळलं आहे की लोक मार्च आला की त्यासाठी अडीच-तीन हजार रुपये बाजूला काढून ठेवतात. हा खर्च मुळात असायलाच नको.

बहुतेक ठिकाणी गोष्ट एकाच वळणानं जाते. एप्रिलच्या घाईत नवा एसी घेतला. दुकानाच्या माणसांनी त्याच दिवशी आणखी चार-पाच ठिकाणं उरकायची म्हणून तासाभरात बसवून दिला. पहिला उन्हाळा उत्तम गेला. दिवाळीनंतर एसी बंद झाला, वर कव्हर चढलं. मार्चमध्ये सुरू केला तर नुसता वारा. घरातले म्हणतात, हिवाळाभर तर बंदच होता, मग गॅस गेला कुठे?

तो बंद असतानाच गेला. हे नीट समजून घेणं गरजेचं आहे, कारण तपासणी केव्हा करायची तेही यावरूनच ठरतं. आज नव्या एसींमध्ये बहुधा आर-३२ हा गॅस असतो. एसी चालू असताना खोलीकडे जाणाऱ्या नळ्यांमध्ये त्याचा दाब साधारण १२० ते १५० पीएसआय असतो. एसी बंद केला की सगळीकडचा दाब समान होतो आणि तो तापमानावर ठरतो. २५ अंशाला सुमारे २३०, ३० अंशाला २६० आणि ३५ अंशाला ३०० पीएसआयच्या आसपास. म्हणजे चालू एसीपेक्षा बंद एसीत या नळ्यांच्या जोडांवर दुप्पट ताण असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो, भारनियमनात खोल्या तापतात, दुपारभर रिकामी राहिलेली गच्चीखालची खोली सहज ३५ अंशांच्या वर जाते. जोडाची खरी परीक्षा तेव्हा होत असते.

हे जोड चार असतात. बाहेरच्या युनिटला एक बारीक आणि एक जाड नळी येते, तिथे दोन. त्याच दोन नळ्यांची दुसरी टोकं आतल्या युनिटला जोडलेली असतात, तिथे दोन. बाहेरचे दोन नट पितळी, उघडे, डोळ्यांना दिसणारे. आतले दोन मात्र युनिटच्या मागे भिंतीलगत, काळ्या फोमच्या नळीत आणि पांढऱ्या टेपमध्ये गुंडाळलेले. ते उघडायचे तर युनिट भिंतीवरच्या पट्टीवरून उचलून पुढे ओढावं लागतं, टेप सोडवावी लागते. हे किचकट आहे. म्हणून पुष्कळदा बाहेरच्या दोन नटांवर फेस फासला जातो, बुडबुडा दिसत नाही, आणि ‘लीक नाही’ असा निकाल देऊन गॅस भरला जातो. अर्धीच तपासणी झालेली असते. चारही नट तपासल्याशिवाय गळती नाही असं कुणी म्हणालं तर ते मान्य करू नका.

आता जोड का गळतो, ते पाहू. नटाच्या आट्यांमुळे गॅस अडतो असा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. तांब्याच्या नळीचं टोक ४५ अंशांत फुलवून नरसाळ्याच्या तोंडासारखं केलं जातं. यालाच फ्लेअर म्हणतात. हे मऊ तांबं पितळी जोडाच्या निमुळत्या तोंडावर चपखल बसतं, नट ते मागून दाबून धरतो, आणि धातूवर धातू बसून गॅस अडतो. आट्या फक्त दाबण्याचं काम करतात. म्हणूनच आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा वरून एम-सील थापून गळती थांबत नाही. तुमच्या एसीच्या नटाभोवती असा वाळलेला गोळा दिसला, तर तिथे फ्लेअर खराब आहे आणि कुणीतरी ते झाकलं आहे, हे नक्की समजा.

चांगला फ्लेअर करायला पाच-सात मिनिटं लागतात. नळी पाइप कटरनं, थोडं थोडं आवळत, सरळ कापायची. हॅक्सॉ चालवला की कड तिरपी होते आणि तांब्याचा कीस आत जातो. कटरनं कापल्यावरही आतल्या कडेला बारीक धार उभी राहते. ती रीमरनं काढायची, आणि काढताना नळीचं तोंड खाली धरायचं, म्हणजे कीस बाहेर पडेल. ही धार तशीच राहिली तर फुलवताना ती दुमडते आणि फ्लेअरच्या बसण्याच्या जागेवर ओरखडा उठतो. त्या ओरखड्यातून गॅस वर्षभर पाझरू शकतो. मग नट नळीत आधी घालायचा, आणि नंतरच टूलमध्ये नळी धरून फुलवायची.

इथे एक बारकावा आहे आणि आपल्या भागातल्या बऱ्याच गळत्या त्यातूनच येतात असं माझं मत आहे. जुने एसी आर-२२ वर चालत. भारतात १ जानेवारी २०२५ पासून त्या जातीच्या गॅसवर चालणारी नवी यंत्रं बनवायला बंदी आहे, पण त्या काळातली टूल आणि त्या काळात बसलेला हात अजून कामावर आहेत. आर-२२ चा दाब कमी असे, थोडा लहान किंवा किंचित वाकडा फ्लेअरही निभावून जाई. आर-३२ आणि आर-४१० ए यांचा दाब त्याच तापमानाला साधारण दीडपट किंवा त्याहून जास्त आहे. त्यांना फ्लेअर थोडा रुंद लागतो. जुन्या साध्या टूलमध्ये नळीचं टोक पट्टीच्या पातळीत धरलं तर फ्लेअर लहान होतो. त्यासाठी नळी पट्टीच्या वर एक ते दीड मिलिमीटर ठेवावी लागते. नव्या क्लचच्या टूलमध्ये शून्य ते अर्धा मिलिमीटर पुरतं. तयार फ्लेअरची रुंदी दोन सुती नळीला नऊ मिलिमीटरच्या जवळ, तीन सुतीला तेरा आणि चार सुतीला साडेसोळाच्या आसपास आली पाहिजे. व्हर्नियर नसेल तर साध्या पट्टीनंही यात मोठी चूक असेल तर कळते.

डोळ्यांनी काय पाहायचं तेही सांगतो, कारण हे ग्राहकालाही जमतं. फ्लेअरचा आतला भाग गुळगुळीत आणि एकसारखा चकचकीत असावा. कड सगळीकडे सारख्या रुंदीची असावी, एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ नको. कडेला केसासारखी चीर नको. नट पुढे सरकवला की फ्लेअर त्याच्या आत अलगद बसावा, आट्यांना घासू नये. जोडण्याआधी मेकॅनिकला म्हणा, ‘दादा, फ्लेअर एकदा दाखवा.’ चांगला कारागीर आनंदानं दाखवतो.

पुढची चूक आवळण्यात होते. नट आधी हातानं पूर्ण फिरला पाहिजे. सुरुवातीलाच पाना लावावा लागला तर आट्या तिरप्या बसल्या आहेत. नंतर दोन पाने लागतात, एकानं जोड धरायचा, दुसऱ्यानं नट फिरवायचा. एकाच पान्यानं ओढलं की नळी पिळली जाते. दोन सुती नटाला १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरतात. म्हणजे २० सेंटीमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे आठ किलोचा जोर. चार सुतीला ५० ते ६०, म्हणजे त्याच पान्यावर पंचवीस ते तीस किलो. बारीक नटावर अंगाचा जोर लावणारे आणि जाड नटावर मनगटाचा, अशा दोन्ही चुका मी पाहतो. बारीक नट जास्त आवळला की मऊ तांबं चिरडून पातळ होतं. त्या दिवशी गळती दिसत नाही, पण कॉम्प्रेसरची थरथर आणि दिवस-रात्रीच्या तापमानाचा फरक सोसत काही महिन्यांनी तिथेच चीर जाते. कधी पितळी नटच तडकतो. ‘गळतंय, अजून आवळा’ हा उपाय म्हणून घातक आहे. टॉर्क पाना काही हजारांत मिळतो. दोन-तीन फुकट फेऱ्या वाचल्या तरी त्याची किंमत निघते.

आता तपासणी. लातूरच्या ट्यूशन एरियातली एखादी अभ्यासिका घ्या. दीड टनाचा एसी, पट्टीवर लिहिलेलं वजन ८०० ग्रॅम आर-३२. गेल्या उन्हाळ्यात बसवला, या मार्चमध्ये खोली गार व्हायला दुप्पट वेळ लागतोय. मालकानं आधी फिल्टर धुतला, कारण फिल्टर घाण असला तरी गारवा कमी होतो आणि आतल्या जाळीवर बर्फ धरतो. तरी फरक नाही. बाहेरच्या बारीक नळीवर नटाजवळ पांढरा बर्फ आहे, आतल्या जाळीचा थोडाच भाग गार आणि बाकी कोमट आहे. गॅस कमी झाल्याची ही खूण. आतल्या युनिटच्या मागच्या टेपवर एके ठिकाणी तेलकट डाग पडून त्यावर धूळ चिकटली आहे. ही त्याहून पक्की खूण, कारण कॉम्प्रेसरचं तेल गॅसबरोबर फिरतं आणि गळतीच्या जागी बाहेर उरतं.

एसी बंद करून त्याचा एमसीबी खाली पाडायचा. दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, दाब समान होऊ द्यायचा. खोली तापलेली असताना हे करणं चांगलं. एसीनं गार झालेल्या खोलीत दाब कमी असतो आणि बारीक गळती लपते. चारही नटांवरचा फोम आणि टेप बाजूला करायची, नट कोरड्या फडक्यानं पुसायचे. भांडी घासायचा पातळ साबण एक भाग, पाणी चार-पाच भाग, हळूच ढवळायचं आणि वरचा फेस बसू द्यायचा. फेस तसाच राहिला तर तुम्ही केलेला बुडबुडा आणि गॅसनं केलेला बुडबुडा यात फरक कळत नाही. रंगाच्या बारीक ब्रशनं नटाच्या दोन्ही टोकांना हे पाणी लावायचं. नळी नटात शिरते तिथे, आणि नट जोडावर बसतो तिथे. गळलेला गॅस यातल्या कोणत्याही फटीतून बाहेर येऊ शकतो. स्प्रे मारू नका, बाहेरच्या युनिटमध्ये वायरिंगची पट्टी या नटांच्या शेजारीच असते.

आणि मग थांबायचं. बहुतेक तपासण्या इथे बिघडतात, कारण दहा सेकंद पाहून माणूस उठतो. मोठी गळती लगेच फुगे काढते. आपली हळू गळती मात्र दोन-तीन मिनिटांनी नटाच्या कडेला बारीक पांढरा फेस जमवते. प्रत्येक नटाला निदान पाच मिनिटं द्या. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत साबणाचं पाणी त्याआधीच वाळतं. ते पुन्हा लावा, त्यात ग्लिसरीनचे दोन थेंब टाका, बाहेरच्या नटांवर सावली धरा. आतल्या नटांसाठी मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा घ्या, कारण फेस नटाच्या भिंतीकडच्या बाजूला धरला असेल तर समोरून दिसत नाही.

समजा आतल्या चार सुती नटावर दर पाच सेकंदांनी मुगाएवढा एक बुडबुडा येतोय. बघायला काहीच नाही. पण हिशेब करा. मुगाएवढा बुडबुडा साधारण चार मिलिमीटर व्यासाचा, आणि आर-३२ चा एक लिटर वायू दोन ग्रॅमच्या आसपास भरतो. मिनिटाला बारा बुडबुडे म्हणजे दिवसाला सव्वा ग्रॅम, महिन्याला सुमारे ३५ ग्रॅम. सहा महिन्यांत २०० ग्रॅम, म्हणजे पाव हिस्सा गॅस गेला. अभ्यासिकेचा एसी या मार्चमध्ये नीट गार का करेना त्याचं उत्तर या एका नटात आहे. गॅस कमी असताना एसी वापरला की कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, वीज जास्त खातो, आणि परतणारा थंड गॅस कमी पडल्यानं स्वतः तापतो. वर्षानुवर्षं असं चाललं तर बदलावा लागतो तो कॉम्प्रेसर, आणि ते बिल अडीच-तीन हजारांत नाही, दहा-पंधरा हजारांत येतं.

तपासणी झाली की साबण साध्या पाण्यानं धुऊन नट कोरडे करा. साबणातले क्षार आणि विशेषतः अमोनिया असलेली द्रावणं पितळी नटाला हळूहळू तडे पाडतात. काच पुसायचं किंवा फरशी पुसायचं औषध यासाठी कधीच वापरू नका. माचिस, लायटर, मेणबत्ती नटाजवळ नेऊन गळती शोधण्याची जुनी खोड तर ताबडतोब सोडा. आर-३२ मंद ज्वलनशील आहे आणि जळला तर विषारी वायू तयार होतात. काही एसींमध्ये आर-२९० म्हणजे प्रोपेन असतो, तो तर सरळ पेट घेतो. खोलीत हळू गळणाऱ्या आर-३२ नं रात्री आग लागेल अशी भीती मात्र बाळगू नका. दहा बाय दहाच्या खोलीत ८०० ग्रॅम पूर्ण सुटला आणि हवेत मिसळला तरी तो पेट घेण्याच्या मर्यादेच्या दहाव्या भागापर्यंतच पोचतो.

साबणाच्या पाण्यालाही मर्यादा आहेत. आतला गॅस जवळपास संपला असेल तर बुडबुडा येणारच नाही. अशा वेळी कोरडा नायट्रोजन भरून दाब द्यावा लागतो, तो कंपनीनं सांगितलेल्या मर्यादेपर्यंत. ऑक्सिजनचा सिलिंडर चुकूनही जोडायचा नाही, तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. नायट्रोजन भरून रात्रभर ठेवला तर सकाळी काटा थोडा खाली दिसेल. ३०० पीएसआयला दर अंशामागे साधारण एक पीएसआय तापमानामुळेच उतरतो. त्याहून जास्त उतरला तर गळती आहे. ‘व्हॅक्यूम धरून राहिला, म्हणजे लीक नाही’ हा युक्तिवादही पुरेसा नाही. व्हॅक्यूममध्ये जोडावर आत-बाहेरचा फरक फक्त हवेच्या दाबाएवढा असतो, साधारण १५ पीएसआय, आणि त्याच जोडानं पुढे ३०० सोसायचे असतात. आणखी एक, चारही नट कोरडे निघाले तर बाहेरच्या युनिटवरच्या सर्व्हिस पोर्टची पिन तपासा, तिचं टोपण काढून एक थेंब टाका. तीही कोरडी असेल तर गळती जाळीच्या तांब्यात असू शकते आणि तिथे इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो.

सापडलेला नट फक्त आवळून पुढे जाऊ नका. तो योग्य जोरावर आवळलेला असूनही गळत असेल, तर जुना फ्लेअर कापून नवा करणं हाच उपाय आहे. त्यासाठी मेकॅनिक गॅस बाहेरच्या युनिटमध्ये खेचून घेतो, त्याला पंप-डाउन म्हणतात. बांधवांनो, इथे जिवाचा प्रश्न आहे. आतला दाब शून्याखाली गेला की ज्या जोडाला गळती आहे, तिथून कॉम्प्रेसर हवा ओढतो. आत हवा आणि तेल एकत्र दाबलं गेलं की कॉम्प्रेसर फुटू शकतो. म्हणून गेज शून्याखाली जाऊ देऊ नका, थोडा दाब शिल्लक असतानाच जाड नळीचा व्हॉल्व्ह बंद करून एसी थांबवा. नट सैल करून, व्हॉल्व्ह उघडा ठेवून कधीही कॉम्प्रेसर चालवू नका. गळती मोठी असेल तर पंप-डाउन न करता गॅस सिलिंडरमध्ये परत घ्या. जोड नवा झाला की नायट्रोजनवर साबणाची तपासणी पुन्हा करा, व्हॅक्यूम पंप ५०० मायक्रॉनपर्यंत चालवा, आणि गॅस वजनकाट्यावर, पट्टीवरच्या आकड्याइतका भरा. नळी कंपनीनं ठरवलेल्या लांबीपेक्षा जास्त असेल तर तिचा वाढीव गॅस मोजून घाला. केवळ गेज बघून भरू नका. बंद एसीत दाब तापमानावर ठरतो, निम्मा गॅस गेला तरी काटा तितकाच राहू शकतो.

एक काळजी नांदेड-लातूरला विशेष लागू आहे. परीक्षा संपल्या की मे-जूनमध्ये खोल्या, वसतिगृहं आणि अभ्यासिका बदलतात, भाडेकरू एसी उचलून दुसरीकडे नेतात, जुने एसी हातोहात विकले जातात. अशा प्रत्येक शिफ्टिंगमध्ये जुनेच फ्लेअर पुन्हा जोडले जातात. एकदा दाबून बसलेलं तांबं दुसऱ्या जोडावर तसंच बसेल याची खात्री नसते. आर-३२ साठी कंपन्यांची सूचना स्पष्ट आहे, घरातला फ्लेअर जोड पुन्हा वापरायचा तर टोक कापून फ्लेअर नवा करा. शिफ्टिंगचा भाव ठरवतानाच नवे फ्लेअर आणि नायट्रोजनची तपासणी त्यातच बोलून घ्या.

२०१९ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारनं इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन जाहीर केला, त्यात एक लाख सर्व्हिस टेक्निशियनना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचं उद्दिष्ट होतं. ते प्रशिक्षण आपल्या गल्लीतल्या मुलापर्यंत पोचलं आहे का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. आयटीआयच्या शिक्षकांनी रेफ्रिजरेशनच्या मुलांकडून आर-३२ च्या मापाचे फ्लेअर करून घ्यावेत, टॉर्क पान्यावर हात बसवावा. दुकानदारांनी बसवणाऱ्या माणसाला दिवसाला किती एसी उरकले यावर पैसे देणं थांबवावं. अशा मोबदल्यात नायट्रोजन लावायला वेळ कुणालाच मिळत नाही.

घरमालकांनो, बाहेरचे दोन नट गच्चीवर किंवा हाताशी असतील तर साबणाची तपासणी तुम्ही स्वतः करू शकता. खिडकीतून वाकून किंवा सज्जावर उभं राहून करू नका, आणि पाना हातात घेऊ नका. बुडबुडा दिसला तर त्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा आणि मेकॅनिक आल्यावर त्याला दाखवा. काम झाल्यावर बिलावर तीन गोष्टी लिहून घ्या: कोणत्या नटाला गळती होती, नवा फ्लेअर केला का, आणि किती ग्रॅम गॅस भरला. लिहून द्यायला तयार नसेल त्याला पैसे देऊ नका. अजून एसी सुरू केला नसेल तर या आठवड्यातच चारही नटांवर ब्रश फिरवून घ्या. उन्हाळा चढला की मेकॅनिक मिळेनासा होतो, आणि घाईत पुन्हा गॅसच भरला जातो.